व्हीलचेअरवर बसून वजन वाढतंय, खाणं तर पूर्वीपेक्षा कमी आहे. काय करावं? (सांगली)

मीनल_पलूस

नमस्कार. प्रश्न माझ्या मिस्टरांचा आहे. वय ४१. दोन वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीवरून पडले आणि मणक्याला मार लागला. रिपोर्टमध्ये डी-१० लिहिलंय. कमरेखाली हालचाल नाही, संवेदना नाही. हात आणि खांदे व्यवस्थित आहेत, व्हीलचेअर स्वतः ढकलतात, लघवीची नळी दिवसातून चार-पाच वेळा स्वतःच घालतात.

अपघाताआधी शेतात राबणारा माणूस, ६८ किलो. आता पोट सुटलंय, खुर्चीच्या दोन्ही बाजूंना मांड्या घासायला लागल्यात. खुर्चीतून पलंगावर जाताना आधी एका झटक्यात जायचे, आता मला हात द्यावा लागतो आणि माझी कंबर धरते. खाणं म्हणाल तर पूर्वी चार भाकरी खायचे, आता दोन वेळच्या मिळून तीन. तरी वजन वाढतंच आहे. नक्की किती वाढलं तेही माहीत नाही, कारण उभं राहता येत नाही तर काट्यावर चढवणार कसं? डॉक्टर म्हणतात, "वजन कमी करा." कसं ते कुणी सांगत नाही. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांनी कृपया लिहावं.

अनुराधा_सातारा

मीनलताई, काळजी करू नका. माझा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा माझंही वजन पाच-सहा किलोनं वाढलं होतं. रोज सकाळी कोमट पाणी घेतलं, आणि चालायला लागल्यावर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी फिरायला जायचे, आपोआप उतरलं. धीर धरा, ते चालायला लागले की सगळं जागेवर येईल.

बागायतदार_तासगाव

अनुराधाताई, त्यांच्या मिस्टरांना चालता येणार नाहीये, डी-१० म्हणजे मणक्यातली इजा आहे.

मीनलताई, माझ्या मते उपाय व्यायामच. पाय चालत नाहीत म्हणून काय झालं, हात आहेत ना? हाताने फिरवायची सायकल मिळते, टेबलावर ठेवायची. रोज अर्धा-पाऊण तास घाम निघेपर्यंत फिरवायची. जितकी ताकद जास्त तितकी चरबी जळते. खाण्यावर फार बंधनं घालू नका, आधीच माणूस खचलेला असतो.

विट्याचा_विजय

मी स्वतः व्हीलचेअरवर आहे, डी-८, बरीच वर्षं झाली. बागायतदार दादा, व्यायामाचं तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. हाताची सायकल मीही फिरवतो. दम चांगला राहतो, साखर ताब्यात राहते, झोप लागते. पण वजन त्यानं उतरत नाही, माझं तरी उतरलं नाही. हाताचे स्नायू मांड्यांच्या मानाने फारच लहान. अर्धा तास घाम गाळला तरी एका मोठ्या वाटी भडंगाएवढंही जळत नाही.

आणि दुसरं, खांदे. आपले खांदे म्हणजेच आपले पाय. खुर्ची ढकलायची त्यांनी, पलंगावर जायचं त्यांच्यावर, वरून रोज पाऊण तास सायकल. माझा उजवा खांदा असाच दुखावला. दोन महिने खुर्चीतून उतरतानाही कुणीतरी लागायचं, आणि त्या दोन महिन्यांत वजन आणखी वाढलं.

मीनलवहिनी, भाकरी कमी झाली हे तुम्ही लिहिलंत. चहा किती होतो ते लिहा. आमच्याकडे भेटायला कुणी आलं की चहा होतोच, आणि पेशंटला सोडून कुणी पीत नाही.

मीनल_पलूस

विजयभाऊ, चहा पाच वेळा. कधी सहा. म्हशीचं दूध, दोन चमचे साखर. संध्याकाळी टीव्हीपुढे भडंग असतं, घरचंच करते, शेंगदाणे जास्त घालून. रात्री झोपताना दूध. हे मी खाण्यात धरलंच नव्हतं.

स्नेहल_आहार_मिरज

मीनलताई, मी मिरजेत आहारतज्ञ आहे, पुनर्वसनाच्या पेशंटबरोबर काम करते. जरा लांबलचक लिहिते, कारण तुमच्या "खाणं कमी, तरी वजन वाढतंय" या कोड्याचं उत्तर नीट समजलं तर बाकीचं सोपं जाईल.

आपण काही न करता नुसते पडून असलो तरी शरीर ऊर्जा खर्च करतं, आणि त्या खर्चात स्नायूंचा वाटा मोठा. मणक्याच्या इजेनंतर इजेखालचे स्नायू काही महिन्यांत झपाट्याने झिजतात. त्यामुळे नुसत्या विश्रांतीतला खर्चच १४ ते २७ टक्क्यांनी कमी होतो. त्यावर शेतातली मेहनत बंद. मोबाईलवरची गणितं धडधाकट माणसाच्या हिशोबानं चालतात, म्हणून ती गरज जास्त दाखवतात. तुमच्या मिस्टरांसाठी मी दिवसाला १७०० ते १८०० कॅलरी हा अंदाज धरून सुरुवात करीन. पूर्वी शेतात राबताना याच माणसाला सहज २८०० लागत असतील. चार भाकऱ्यांच्या तीन झाल्यानं ही दरी भरत नाही.

तोच झीज झालेला स्नायू आणखी एक घोटाळा करतो. समजा त्यांचं वजन आज पुन्हा ६८ वर आलं, तरी ते पूर्वीचे ६८ नाहीत. त्यात स्नायू कमी, चरबी जास्त. म्हणून उंचीनुसारचा नेहमीचा तक्ता इथे चालत नाही. मणक्याच्या इजेत बीएमआय २२ लाच वजन जास्त धरायचं, असं अभ्यास सांगतात. ५ फूट ७ इंच उंचीला ते ६४ किलोच्या आसपास येतं. घाबरू नका, तिथे पोहोचायचंच असं नाही. तुम्ही ६८ ला "नॉर्मल" समजू नका एवढ्यासाठी सांगितलं.

वजनापेक्षा मला पोटाचा घेर जास्त सांगतो. पलंगावर उताणं झोपवून, श्वास सोडल्यावर, शेवटच्या बरगडीच्या लगेच खाली टेप लावायची. ९४ सेंटिमीटरच्या वर असेल तर हृदय आणि साखरेच्या दृष्टीने सावध व्हायचं. बसून मोजू नका, बसल्यावर पोट पुढे येतं आणि दरवेळी वेगळा आकडा मिळतो.

आता खाण्याचं. पहिल्या महिन्यात दोनच गोष्टी करा.

चहा: पाच कप, म्हशीचं दूध आणि दोन चमचे साखर म्हणजे कपाला सुमारे ९० कॅलरी. दिवसाचे ४५० झाले. तीन कप आणि एक चमचा साखर केली तर दोनशे-सव्वादोनशे. साधारण २४० वाचले.

तेल: तुमच्या घरी महिन्याला किती तेल लागतं आणि जेवणारी माणसं किती? चार माणसांत पाच लिटरचा कॅन संपत असेल तर माणशी रोज जवळजवळ ३८ ग्रॅम. तीन लिटरवर आणलंत तर २३ ग्रॅमच्या आत, म्हणजे रोजच्या १३०-१४० कॅलरी कमी, आणि सगळ्या घरासाठी. फोडणी मोजून घाला, थेट बाटलीतून ओतू नका.

दोन्ही मिळून पावणेचारशेच्या आसपास. कागदावर महिन्याला सव्वा किलोच्या वर उतरायला हवं, प्रत्यक्षात किलोभर उतरलं तरी पुष्कळ. याहून घाईनं उतरवायचं नाही. भडंग बंद करू नका, आठवड्यातून दोन संध्याकाळी ठेवा, तेही वाटीत काढून, डब्यातून नाही.

काय कमी करायचं नाही तेही सांगते: प्रथिनं. अंडी, उसळ, दही, मटकी, हुलगा, चालत असेल तर चिकन. सगळ्यांनी "जेवण कमी" म्हणजे आमटी-उसळ कमी करून भात ठेवला की स्नायू आणखी झिजतो आणि मागची त्वचा कमजोर होते. बैठकीवर लालसर डाग आहे का? तो दाबमुक्त ठेवूनही अर्ध्या तासात गेला नाही, किंवा जखम असेल, तर वजन उतरवणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. जखम भरायला प्रथिनं जास्तच लागतात. रोज रात्री आरशानं पाठीमागे बघायची सवय असेलच, नसेल तर लावा.

हळदवाला

मीनलताई, वजनाचं बघतो मी. मार्केट यार्डात आमचा प्लॅटफॉर्म काटा आहे, पोती ठेवायचा, ३०० किलोपर्यंत. व्हीलचेअर सरळ चढते, उंबऱ्याला फळी टाकतो. दुपारी दोननंतर लिलावाची गर्दी नसते. पैसे वगैरे काही नाही. कधीही या.

विट्याचा_विजय

हळदवाला दादा, धन्यवाद, ही खरी मदत आहे. वहिनी, मी असंच गावच्या धान्याच्या दुकानात करतो. माणसासकट खुर्ची, मग पलंगावर उतरून रिकामी खुर्ची, कुशनसकट. रिकाम्या खुर्चीचं वजन खुर्चीच्या दांडीवर मार्करने लिहून ठेवा म्हणजे दर वेळी उतरावं लागणार नाही. दरवेळी लघवी रिकामी करून, त्याच कपड्यांत, त्याच वेळेला. पायाला सूज असेल त्या दिवशी आकड्याकडे फार लक्ष देऊ नका. दिवसभर पाय खाली लोंबकळत असतील तर पाणी साठतं, त्यानं किलोभर सहज वाढलेलं दिसतं.

जयंत_विश्रामबाग

दिवसातून दोनच वेळा जेवायचं, मध्ये काही नाही, असं करून माझी १२ किलो उतरली. सकाळचा नाष्टा बंद, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा. सोपं आहे, मोजामोजीची कटकट नाही. मिस्टरांनी करून बघावं.

विट्याचा_विजय

जयंतराव, तुम्हाला जमलं हे चांगलंच. पण आमच्या लोकांसाठी यात अडचण आहे, ती बाहेरून दिसत नाही. आम्हाला शौचाची भावना येत नाही. ठरलेल्या वेळी सपोझिटरी किंवा बोटाने करावं लागतं. बऱ्याच जणांचा नेम नाष्टा आणि गरम चहा झाल्यावर अर्ध्या तासाने असतो, कारण पोटात अन्न गेलं की आतडं हलतं. नाष्टा बंद केला की तो नेमच मोडतो. मी एकदा उपवासांच्या नादात सकाळचं बंद केलं होतं, नंतर भर लग्नात मंडपात जे व्हायचं ते झालं. तेव्हापासून काहीही झालं तरी सकाळचं खाणं ठरलेलं.

स्नेहल_आहार_मिरज

विजयदादांनी महत्त्वाचं सांगितलं, माझ्याकडून सुटलं होतं. त्याला जोडून: चोथा वाढवतानाही एकदम वाढवू नका. "वजनासाठी कच्चं सॅलड आणि कोंडा खा" हा सल्ला या लोकांच्या आतड्याला चालेलच असं नाही, कधीकधी गच्च होतं. काकडी-मुळा, पालेभाजी रोजच्या ताटात थोडी-थोडी वाढवा आणि शौचाचा नेम बदलतोय का ते आठवडाभर बघा.

कोमट पाणी, जिरे पाणी सकाळी लिटरभर एकदम पिण्याचा सल्लाही इथे नको. जे स्वतः नळी घालतात त्यांनी एकदम भरपूर प्यायलं तर मूत्राशय जास्त ताणलं जातं. एका वेळेला निघालेली लघवी ५०० मिलीच्या आत राहील असं बघायचं. पण नळी वारंवार नको म्हणून पाणीच कमी करणं हेही चूक, संसर्ग होतो. दिवसभरात पाणी सारखं वाटून प्यायचं.

बागायतदार_तासगाव

हे सगळं ऐकून व्यायामाबद्दल मी थोडं मागे येतो. पण मग व्यायाम करायचाच नाही का? आमच्या चुलतभावाला अपघातानंतर नुसतं झोपवून ठेवलं होतं, तो पुन्हा उठून बसलाच नाही नीट. याचं काय?

स्नेहल_आहार_मिरज

करायचाच, दादा. फक्त वजन उतरवायचं काम त्याच्यावर टाकायचं नाही. मणक्याच्या इजेसाठी जी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे ती आठवड्यातून तीनदा, दर वेळी किमान अर्धा तास, थोडा दम लागेल असा हाताचा व्यायाम. हृदय आणि साखरेसाठी तेवढा पुरेसा धरतात. रोज पाऊण तास नको. खांदे वाचवायला रबरी बँडने मागे ओढायचे व्यायाम फिजिओकडून शिकून घ्या, कारण खुर्ची ढकलून पुढचे स्नायू आवळतात आणि मागचे ढिले पडतात. डोक्यावर वजन उचलणं मात्र सुरुवातीला नको.

ज्यांची इजा डी-६ ला किंवा त्याच्या वर आहे त्यांनी उन्हाळ्यात सावध राहायचं. त्यांना इजेखाली घाम नीट येत नाही, अंग तापतं. शिवाय अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला तर व्यायाम ताबडतोब थांबवून सरळ बसायचं, बीपी बघायचं आणि मूत्राशय भरलंय का ते तपासायचं. मीनलताई, तुमच्या मिस्टरांची इजा खाली आहे, त्यामुळे हा धोका तुलनेनं कमी.

मीनल_पलूस

सगळ्यांचे मनापासून आभार. गेल्या शनिवारी हळदवाला दादांकडे जाऊन आलो. खुर्चीसकट ९९.६, रिकामी खुर्ची आणि कुशन १८.८. म्हणजे ८०.८ किलो. ते पाहून मिस्टर गप्प झाले. मी आशा धरली होती की पंचाहत्तरीच्या आत असेल. घरी येऊन झोपवून पोट मोजलं, १०४ सेंटिमीटर.

तेल आमचं खरंच पाच लिटर महिन्याला. चहा तीनवर आणलाय, चौथ्याला नाही म्हणायला त्यांनाच जड जातंय, आलेल्या माणसाला वाईट वाटतं म्हणतात.

आणखी एक विचारायचं होतं. रात्री पायात जळजळ होते म्हणून प्रेगाबालिन चालू आहे, बरेच महिने. ती सुरू झाल्यापासून भूक जास्त लागते असं मला वाटतंय. असू शकतं का?

स्नेहल_आहार_मिरज

असू शकतं. प्रेगाबालिननं काहींना भूक आणि वजन वाढतं, पायाला सूजही येते. पण गोळी मनाने बंद करू नका, एकदम थांबवलं तर त्रास होतो, दुखणंही उफाळतं. डॉक्टरांना थेट विचारा: डोस कमी करता येईल का, किंवा दुसरं काही? काही वेळा मात्र दुखणं आटोक्यात ठेवणं जास्त गरजेचं ठरतं. तो निर्णय त्यांच्याच हाती.

८०.८ हा आकडा वाईट नाही, खरा आहे, आणि आता पुढचं मोजता येईल. दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा, रोज नको. या वेळी एचबीए१सी आणि कोलेस्टेरॉलही बघून घ्या.

जयंत_विश्रामबाग

हल्ली ते आठवड्याचं इंजेक्शन निघालंय, त्याबद्दल कुणाला माहिती? एका ओळखीच्यांचं खूप उतरलं. मिस्टरांना चालेल का?

स्नेहल_आहार_मिरज

मी याबद्दल ठाम सांगू शकत नाही. ते पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतं आणि बद्धकोष्ठता हा त्याचा नेहमीचा त्रास. ज्यांचं आतडं आधीच मंद आहे त्यांना हे झेपेल का, हे डॉक्टरांनी तपासूनच ठरवायचं. भूक कमी झाली की प्रथिनंही कमी जातात, आणि आधीच झिजलेल्या स्नायूचं काय होईल याची मला काळजी वाटते. तुमच्या ओळखीच्यांना चाललं म्हणून इथे चालेलच असं नाही, आणि नाहीच चालणार असंही मी म्हणणार नाही.

विट्याचा_विजय

वहिनी, एक गोष्ट वजन उतरायला लागल्यावर लक्षात ठेवा. मांड्या-कुल्ह्यांवरची चरबी कमी झाली की खाली हाड जास्त टोचतं. माझ्या हवेच्या कुशनमध्ये मी जुनीच हवा ठेवून बसलो होतो, डाव्या बैठकीवर लाल डाग पडला आणि दहा दिवस पोटावर पडून राहावं लागलं. वजन चार-पाच किलोनं खाली-वर झालं की कुशन पुन्हा तपासायचं. बसल्यावर हाडाखाली हात घालून बघायचा. हात सहज सरकत असेल तर हवा जास्त, हाड खालच्या फळीला टेकत असेल तर कमी. बोटाच्या जाडीएवढी हवा राहायला हवी. आणि वजन कितीही कमी झालं तरी पाऊण-एक तास सलग बसून राहायचं नाही, दर पंधरा-वीस मिनिटांनी बाजूला कलून दोन मिनिटं दाब मोकळा करायचा.

खुर्चीसाठी सोपी खूण: मांडी आणि बाजूची पट्टी यांच्यात तळहात उभा सरकला पाहिजे. तुमच्या मिस्टरांच्या मांड्या घासतायत म्हणजे खुर्ची सध्या अरुंद आहे. वजन उतरायला वेळ लागेल, तोवर बाजूच्या पट्ट्या बाहेरून लावता येतात का बघा. घासून जखम झाली तर सगळं थांबेल.

अनुराधा_सातारा

मी आधी प्रश्न नीट वाचला नव्हता, माझं लिहिणं तुमच्या उपयोगाचं नव्हतं. पण आता माझ्या आईचं विचारते. गुडघे पूर्ण गेलेत, चालवत नाही, ऑपरेशनला हृदयामुळे नकार दिलाय. वजन ८५. तिलाही असंच बसून वजन उतरवता येईल का? की तिला वेगळं?

स्नेहल_आहार_मिरज

अनुराधाताई, आईचे स्नायू आहेत, संवेदना आहे, शौच-लघवीचा त्रास नाही, त्यामुळे हिशोब बराच वेगळा. तिच्यात पायाचे बसून करायचे व्यायामही करता येतील. नवीन धागा काढा, तिथे औषधं आणि रोजचं ताट दोन्ही लिहा. इथे दोन्ही मिसळलं तर कुणाचंच धड होणार नाही.

मीनल_पलूस

कुशन आमचं फोमचं आहे, त्याला हवा नाही. रुग्णालयातून मिळालं तेच, मधोमध दबून गेलंय. ते बदलायचं कधी, आणि मिरजेत मोजून कुशन देणारं कुणी आहे का? आज सकाळी मिस्टरांनी स्वतः चहाला दूध कमी टाकायला सांगितलं. दुसऱ्यांदा वजन करायला शनिवारी जायचंय.

विट्याचा_विजय

दबलेलं फोम म्हणजे बदलायची वेळ झालीच. हाताने दाबून सोडलं आणि लगेच वर आलं नाही तर ते काम संपलेलं. मिरजेत विचारून सांगतो, तोवर शनिवारी काट्यावर जाताना बैठकीची जागा आरशात बघूनच निघा.